‘प्रस्थान केले’पासून ‘गाडी सुटली’पर्यंत

मराठीत आता कानांसाठी पुष्कळ काही तयार होतंय. पॉडकास्ट आहेत, ऑडिओबुकं आहेत, शहरातल्या जुन्या वाड्यांमधून आणि किल्ल्यांवरून फिरताना हेडफोन लावून ऐकायची माहिती आहे. पण यातल्या बऱ्याच संहिता मुळात ऐकण्यासाठी लिहिलेल्या नसतात. एखाद्या जाणकाराने मेहनतीने लेख लिहिलेला असतो, तोच जसाच्या तसा निवेदकाच्या हातात दिला जातो, आणि निवेदक तो चांगल्या आवाजात वाचून दाखवतो. मुंबई-पुण्यातली विशीतली मुलगी, जी घरी आईशी मराठीतच बोलते, ती तिसऱ्या वाक्याला ते बंद करते. तिला मराठी येत नाही असं अजिबात नाही. कानावर पडणारी मराठी तिला आपल्याशी कोणी बोलतंय अशी वाटत नाही, इतकंच.

अशा संहिता बोलत्या मराठीत आणायचं काम मी करते. हे काम म्हणजे अवघड शब्द काढून सोपे घालणं, असा सर्वसाधारण समज आहे. शब्द बदलावे लागतातच, पण ती यातली सगळ्यात छोटी गोष्ट आहे. पुस्तकी मराठी आणि बोलती मराठी यांच्यातला खरा फरक वाक्याच्या बांधणीत, क्रियापदात आणि शब्दांच्या शेवटांत आहे. तो नीट दिसावा म्हणून एकच उतारा घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्यावरच काम करू. मुंबईतल्या तरुण श्रोत्यांसाठी पहिल्या प्रवासी रेल्वेची गोष्ट सांगायची आहे, आणि हातात आलेला मजकूर असा आहे :

‘इसवी सन १८५३ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदर येथून ठाण्याकडे प्रस्थान केलेल्या, १४ डबे व सुमारे ४०० निमंत्रित प्रवासी असलेल्या आगगाडीस साहेब, सिंध व सुलतान अशी नावे असलेली तीन इंजिने जोडण्यात आली होती. सदर प्रसंगी २१ तोफांची सलामी देण्यात आली. भारतातील प्रवासी रेल्वे वाहतुकीचा हा प्रारंभ होय. तत्पूर्वी मुंबईहून ठाण्यास जाण्यासाठी नागरिकांना बैलगाडी, घोडागाडी अथवा जलमार्गाचा अवलंब करावा लागत असे.’

या मजकुरात चूक काहीच नाही. माहिती बरोबर आहे, व्याकरण बरोबर आहे, आणि छापलेल्या पानावर डोळ्यांना तो फारसा खुपतही नाही. आता हा मोठ्याने वाचून बघा. पहिल्या वाक्यात क्रियापद कुठे येतं? अगदी शेवटी. तोपर्यंत ऐकणाऱ्याने काय काय लक्षात धरून ठेवायचं आहे? साल, महिना, तारीख, वेळ, कुठून, कुठे, किती डबे, किती माणसं, इंजिनांची नावं. आणि एवढं सगळं सांभाळल्यावर वाक्य शेवटी सांगतं काय, तर इंजिनं जोडली होती. गाडी निघाली ही खरी बातमी मधेच ‘प्रस्थान केलेल्या’ या विशेषणात दडपून गेली आहे.

वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. ऐकणारा लोकलच्या दारात उभा असतो, त्याला मागे जायला सवड नसते. म्हणून पहिलं काम हे की ‘केलेल्या’, ‘असलेल्या’, ‘दिलेल्या’ अशी विशेषणं शोधायची आणि त्यातल्या प्रत्येकाला त्याचं क्रियापद परत द्यायचं. ‘प्रस्थान केलेल्या आगगाडीस’ याची झाली ‘गाडी सुटली’. ‘१४ डबे असलेल्या’ याचं झालं ‘गाडीला चौदा डबे होते’. ‘नावे असलेली इंजिने’ याचं झालं ‘इंजिनांना नावं होती’. एका वाक्याची चार-पाच वाक्यं होतात. लिहिणाऱ्याला ती तुटक वाटतात, कारण त्याला कागदावर पूर्णविराम दिसत असतात. कानाला ते पूर्णविराम श्वासासारखे वाटतात.

इथे एक काळजी घ्यावी लागते. सगळीच वाक्यं चार शब्दांची केली, तर लहान मुलांचं पाठ्यपुस्तक ऐकल्यासारखं होतं. बोलताना माणूस लांब वाक्यं बोलतोच, पण ती पुढे पुढे वाढत जातात. ‘आजीने सांगितलं की आम्ही ठाण्याला जायचो तेव्हा रस्त्यात एक विहीर लागायची आणि तिथे बैल सोडायचे’, हे वाक्य लांब आहे, तरी ऐकताना कुठेही अडत नाही. प्रत्येक टप्प्यावर एक क्रियापद येतं आणि ऐकणाऱ्याचं ओझं उतरतं. पुस्तकी वाक्य याच्या उलट सगळं ओझं शेवटच्या शब्दापर्यंत वाहायला लावतं. त्यामुळे वाक्याची लांबी मोजत बसण्यापेक्षा पहिलं क्रियापद किती शब्दांनंतर येतं ते बघावं.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘जोडण्यात आली’, ‘देण्यात आली’. सरकारी पत्रकांनी आणि बातम्यांनी ही रचना आपल्या हाडीमाशी भिनवली आहे. घरात कोणी ‘चहा करण्यात आला आहे’ असं म्हणत नाही. तरीसुद्धा लिहायला बसलं की हात आपोआप तिकडे वळतो, कारण कर्ता माहीत नसला तरी वाक्य पूर्ण होण्याची तिथे सोय आहे. तोफा कोणी उडवल्या, त्या माणसाचं नाव आपल्याकडे नाही. मग सोप्या मराठीत हे कसं सांगायचं?

बोलत्या मराठीत त्यासाठी दोन उत्तम वाटा आहेत. एक म्हणजे कर्ता सरळ गाळायचा : ‘तीन इंजिनं जोडली होती’. कोणी जोडली हे विचारायची गरज कोणालाच वाटत नाही. दुसरी वाट म्हणजे गोष्ट आपोआप घडल्यासारखं सांगणारं क्रियापद घ्यायचं. तोफा ‘उडाल्या’, दार ‘उघडलं’, दिवा ‘लागला’, सलामी ‘झाली’. अशा क्रियापदांच्या जोड्या मराठीत भरपूर आहेत : फोडणं-फुटणं, तोडणं-तुटणं, सोडणं-सुटणं. या जोड्यांमधलं दुसरं रूप वापरलं की ‘-ण्यात आले’ची बहुतेक गरज संपते. आपल्या उताऱ्यातली सगळ्यात मोठी घटना, गाडी सुटली, हीसुद्धा त्याच घरातली आहे. स्टेशनवर रोज लाखो माणसं हे क्रियापद वापरतात, आणि संहितेत मात्र तिथे ‘प्रस्थान’ येतं.

तिसरा बदल शेवटच्या वाक्यात आहे. ‘अवलंब करावा लागत असे’ यातलं ‘लागत असे’ हे रूप आता बोलण्यात जवळजवळ उरलेलं नाही. पूर्वी नेहमी घडणारी गोष्ट सांगायला आपण ‘जायचो’, ‘यायची’, ‘लागायचं’ असं म्हणतो. इतिहासाच्या संहितांमध्ये ‘करीत असे, जात असत, देत असत’ यांच्या रांगा लागलेल्या असतात. त्या सगळ्या ‘करायचा, जायचे, द्यायचे’ अशा केल्या की एका झटक्यात सांगणाऱ्याचा आवाज बदलतो. एवढा एकच बदल करायला वेळ असेल तर मी हाच करेन, इतका त्याचा परिणाम आहे. ‘पेशवे पर्वतीवर जात असत’ हे धड्यातलं वाक्य आहे. ‘पेशवे पर्वतीवर जायचे’ म्हटलं की सांगणारा माणूस समोर येऊन बसतो.

आता शब्दांचे शेवट. ‘केले, झाले, नावे, इंजिने’ याचं बोलण्यात ‘केलं, झालं, नावं, इंजिनं’ होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनाच्या नियमांतही ही सोय आहे : पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा असेल तेव्हा शीर्षबिंदू देऊन ‘असं केलं’ लिहावं, एरवी ‘असे केले’. त्यामुळे बोलत्या संहितेत टिंब देणं अशुद्ध आहे, अशी भीती बाळगायचं कारण नाही.

पण सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. कोणीतरी संगणकावर शोधा-आणि-बदला चालवून शेवटच्या प्रत्येक एकाराचं टिंब करतं, आणि मग ‘चौदा डबं’, ‘रुंद रस्तं’, ‘गाडी जातं’ असलं काही निवेदकापुढे येतं. मुंबई-पुण्याच्या बोलण्यात असं कोणी म्हणत नाही. कारण साधं आहे. लेखनात ‘ए’ने संपणारी दोन-तीन वेगवेगळी रूपं एकसारखी दिसतात, बोलण्यात ती वेगळी असतात. ‘काम केले’ यातलं ‘केले’ नपुंसकलिंगी एकवचन आहे, ते बोलताना ‘केलं’ होतं. ‘प्रश्न केले’ यातलं पुल्लिंगी अनेकवचन आहे, ते ‘केले’च राहतं. ‘पाणी जाते’ याचं ‘पाणी जातं’ होतं, पण ‘गाडी जाते’ तशीच राहते, कारण गाडी ‘ती’ आहे. ‘मोठे घर’ हे ‘मोठं घर’, पण ‘मोठे रस्ते’ मोठेच.

ओळखायची खूण अशी : ज्या नामाला एकवचनात ‘ते’ लागतं, त्याच्याशी जुळणारं एकवचनी विशेषण आणि क्रियापद टिंब घेतं, आणि ते नाम स्वतः अनेकवचनात टिंब घेतं. ते इंजिन, म्हणून इंजिनं. तो डबा, म्हणून डबे. इथे मला बोलत्या मराठीचं मोल फार जाणवतं. लिहिताना जो भेद पुसून जातो तो बोलताना स्पष्ट ऐकू येतो, म्हणजे ऐकणाऱ्याच्या दृष्टीने बोलती मराठी जास्त नेमकी आहे. ‘मुळे, पुढे, इथे’ या अव्ययांचं काय करायचं हा प्रश्न उरतो. ‘त्यामुळं, पुढं, इथं’ असंही पुष्कळ जण बोलतात आणि ‘त्यामुळे, पुढे, इथे’ असंही. निवेदकाच्या तोंडी जे असेल ते ठेवावं, फक्त एका कथनात दोन्ही येऊ देऊ नयेत.

बोलताना शब्द जोडलेही जातात. ‘आली आहे’ याचं ‘आलीये’, ‘करतो आहे’ याचं ‘करतोय’, ‘नाही आहे’ याचं ‘नाहीये’. संहितेत हे तसंच लिहावं. निवेदकापुढे ‘बसली आहेत’ असं लिहिलेलं असलं की तो दोन शब्द सुटे सुटे वाचतो, आणि बाकी सगळं सैल झालेलं वाक्य तिथे पुन्हा ताठ होतं.

आता शब्दांकडे वळू. ‘सदर’, ‘तत्पूर्वी’, ‘अथवा’, ‘व’, ‘होय’ हे बिनतक्रार जातात. ‘तारखेस’, ‘ठाण्यास’, ‘आगगाडीस’ यातला ‘स’ जाऊन ‘ला’ येतो. ‘जलमार्गाचा अवलंब’ म्हणजे होडीने जाणं. पण ‘सलामी’, ‘तोफा’, ‘पाहुणे’ हे शब्द कोणाला अडत नाहीत, ते बदलायचं काही कारण नाही. जुना शब्द दिसला की तो काढलाच पाहिजे असा हट्ट धरला तर गोष्टीचा काळच निघून जातो. ‘बोरीबंदर’ हे नाव तर ठेवायलाच हवं, फक्त मुंबईकराला ते आज कुठे आहे हे सांगायला हवं : जिथे सीएसएमटी आहे, तोच भाग.

सोपं करताना माहिती निसटणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. ‘भारतातील प्रवासी रेल्वे वाहतुकीचा प्रारंभ’ हे जड वाटलं म्हणून कोणी ‘भारतातली पहिली ट्रेन’ असं केलं, तर ते चुकीचं होतं. मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहून नेणारी रेल्वे १८३७ मध्येच धावली होती. तेव्हा ‘प्रवासी’ हा शब्द कितीही औपचारिक वाटला तरी तो काढता येत नाही. ‘सुमारे ४००’ मधल्या ‘सुमारे’चंही तेच. तिथे ‘साधारण’ किंवा ‘जवळपास’ येऊ शकेल, पण काहीच आलं नाही तर अंदाजाची पक्की संख्या होते. आणि ‘निमंत्रित’ गाळलं तर लोक तिकिटं काढून बसले होते असं वाटेल. बोलतं करणारा माणूस अभ्यासकाच्या शेजारी बसलेला असावा तो यासाठी. मूळ मजकुरातला कुठला शब्द नुसता नटवलेला आहे आणि कुठला पुराव्याचा आहे, हे अभ्यासकच सांगू शकतो.

आकड्यांबद्दल मात्र शहरातल्या तरुणांचा एक वेगळा प्रश्न आहे. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या अनेकांना मराठीतले आकडे कानावरून चटकन कळत नाहीत. ‘त्रेपन्न’ म्हणजे पन्नासच्या पुढचं काहीतरी, एवढंच कळतं, आणि ते ठरवेपर्यंत पुढचं वाक्य निघून जातं. म्हणून सगळं इंग्रजीत ‘एटीन फिफ्टी थ्री’ करून टाकायचं, हा एक उपाय आहे. मला तो पटत नाही, कारण न वापरल्यानेच हे आकडे हातचे जात आहेत. त्यापेक्षा आकडे कमी करावेत आणि जो ठेवायचा त्याला आधार द्यावा. ‘अठराशे त्रेपन्न, म्हणजे सत्तावनच्या उठावाच्या चार वर्षं आधी’ असं म्हटलं की ज्याला त्रेपन्न कळला नाही त्यालाही काळ कळतो, आणि त्याच्या कानावर त्रेपन्नही पडतो. ‘३ वाजून ३५ मिनिटांनी’ याचं ‘साडेतीन वाजून गेले होते’ पुरतं. एका दमात तीन आकडे आले की त्यातला एकही राहत नाही.

इंग्रजी शब्दांवरून नेहमी वाद होतो. एका बाजूला शुद्धतेचा आग्रह, दुसऱ्या बाजूला तरुण ऐकतील म्हणून ‘ही जर्नी रिअली अमेझिंग होती’ अशी वाक्यं. माझी कसोटी अशी आहे की जो शब्द मराठी विभक्ती घेऊन, मराठी लिंगवचन घेऊन निमूट चालतो, तो आपला झाला. स्टेशनवर, तिकिटाला, इंजिनांना, प्लॅटफॉर्मवरून. हे शब्द ठेवावेत, त्यांच्याऐवजी ‘स्थानक’ आणि ‘फलाट’ आणायची गरज नाही. ‘अमेझिंग’ला मात्र मराठीत कुठेच हात धरता येत नाही, तो वाक्यात नुसता उभा राहतो. त्यातून मजकुरात भर काही पडत नाही. आणि ‘ट्रेन’ चालत असली तरी इथे ‘गाडी’ जास्त चांगली. मुंबईत माणसं ट्रेन पकडतात खरी, पण ‘शेवटची गाडी गेली’ हेही तीच माणसं म्हणतात.

तरुणांची खास बोली, ‘भावा’, ‘कडक’, ‘राडा’, ही कथनात घालू नये असं माझं ठाम मत आहे. एक तर ती दोन-तीन वर्षांत बदलते आणि ध्वनिमुद्रण मात्र तसंच राहतं. दुसरं, ती मित्रांमध्ये बोलायची भाषा आहे. पन्नाशीच्या माणसाने लिहून दिलेला ‘भावा’ ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येतो आणि त्याचा विश्वास उडतो. तीच गोष्ट ‘तिकीट भेटलं’ किंवा ‘मी बोललो की’ अशा मुंबईच्या वापरांची. निवेदक घरी तसंच बोलत असेल तर त्याच्या तोंडी ते शोभतं, कोणी त्याला टोकू नये. पण मुंबईचा रंग यावा म्हणून ते बाहेरून चिकटवू नये. शहरी मराठी ही एकच एक नसते. नागपूरच्या मुलीची, नाशिकच्या मुलाची, वसईतल्या किंवा लालबागमधल्या घरांतली मराठी वेगवेगळी आहे. ज्याचा आवाज, त्याची मराठी, हे धोरण मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

म्हणूनच संहिता लिहायच्या आधी आवाज ठरलेला असावा. मराठीत हे टाळताच येत नाही : निवेदिका असेल तर ‘मी सांगते’, निवेदक असेल तर ‘मी सांगतो’. श्रोत्याला काय म्हणायचं हाही प्रश्न लगेच येतो. कानात एकट्याशी बोलायचं म्हणून ‘तू’ जवळचं वाटतं, पण ‘तू कधी गेलास का’ म्हटलं की ऐकणारी मुलगी बाहेर राहते आणि ‘गेलीस का’ म्हटलं की मुलगा. पुस्तकी संहितांमध्ये आदरार्थी ‘आपण’ असतं, पण त्याचा घोटाळा असा की ‘आपण पाहिलं असेल’ म्हणजे तुम्ही की आपण सगळे, हे कळत नाही. ‘तुम्ही कधी सीएसएमटीला उतरला आहात का’ यात मुलगा, मुलगी आणि घोळका सगळेच येतात. म्हणून ‘तुम्ही’ बरं, आणि ‘आपण’ हे सांगणारा नि ऐकणारा दोघांसाठी राखून ठेवावं : ‘आता आपण जरा मागे जाऊ’.

यानंतर येतात ‘ना’, ‘की’, ‘तर’, ‘च’, ‘म्हणजे’ हे छोटे शब्द. ‘सीएसएमटी आहे ना, तिथेच’ यातला ‘ना’ समोरच्याला हाताशी धरतो. हे शब्द टेबलावर बसून पेरता येत नाहीत, पेरले की ते लगेच कृत्रिम वाटतात. ते मिळवायचा एक खात्रीचा मार्ग आहे. सुधारलेली संहिता निवेदिकेला दोनदा वाचायला द्यायची, मग कागद काढून घ्यायचा आणि म्हणायचं, ‘आता ही गोष्ट तुझ्या मैत्रिणीला सांग.’ ती सांगत असताना रेकॉर्डर सुरू ठेवायचा. एका निवेदिकेने या उताऱ्याच्या वेळी तीन इंजिनांपाशी आल्यावर ‘एक नाही, तीन!’ असं म्हटलं. संहितेत ते नव्हतं. ते तसंच उचललं. ती जिथे अडखळली, तिथे वाक्य अजून पुस्तकी आहे असं समजलं. तिने जो तपशील गाळला, तो खरंच हवा का ते अभ्यासकाला विचारलं.

एवढं सगळं झाल्यावर उतारा असा झाला :

‘आज जिथे सीएसएमटी आहे ना, त्या भागाला तेव्हा बोरीबंदर म्हणायचे. साल अठराशे त्रेपन्न. म्हणजे सत्तावनच्या उठावाला अजून चार वर्षं होती. सोळा एप्रिलची दुपार, साडेतीन वाजून गेलेत. समोर एक गाडी उभी आहे. चौदा डबे, आणि ते ओढायला इंजिनं किती? एक नाही, तीन! त्यांना नावंसुद्धा आहेत : साहेब, सिंध आणि सुलतान. डब्यांमध्ये साधारण चारशे पाहुणे बसलेत, सगळे खास बोलावलेले. एकवीस तोफांची सलामी झाली आणि गाडी सुटली. कुठे? ठाण्याला. भारतातली ही पहिली प्रवासी रेल्वे. तोपर्यंत मुंबईहून ठाण्याला जायचं म्हणजे बैलगाडी, घोडागाडी, नाहीतर होडीने जावं लागायचं.’

मूळ उताऱ्यातला एकही तपशील यात गेलेला नाही, फक्त ३५ मिनिटांची नेमकी वेळ सैल केली आहे. मधेच काळ बदललाय, ‘उभी आहे’, ‘बसलेत’, आणि सलामीपाशी पुन्हा भूतकाळ आलाय. लेखात हे संपादक खोडेल. तोंडी गोष्ट सांगताना मात्र आपण सगळे असंच करतो : चित्र उभं करताना वर्तमानकाळ, घटना घडली की भूतकाळ.

काही मजकूर असा असतो की त्याला हात लावू नये. जुनं पत्र, फर्मान, वर्तमानपत्रातला उतारा, कवितेची ओळ. तिथे ती भाषा हाच पुरावा आहे. ती तशीच, शक्य असेल तर दुसऱ्या आवाजात वाचावी आणि मग बोलत्या मराठीत दोन वाक्यांत समजावून सांगावी. बोलतं कथन आजूबाजूला असलं की असा जुना तुकडा उलट जास्त उठून ऐकू येतो.

बोलीत सांगितलं की विषयाचं वजन जातं, असं अजूनही काही विद्वानांना वाटतं. तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’ चक्रधरस्वामींच्या बोलण्याच्या आठवणींतून उभं राहिलं आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा शेतीच्या अर्थकारणासारखा विषय त्यांनी लोकांच्या भाषेत मांडला. या दोन्ही पुस्तकांना कोणी हलकं म्हणत नाही.

संग्रहालयं, ग्रंथालयं आणि गडकिल्ल्यांवर काम करणाऱ्या संस्था यांना माझी एक विनंती आहे. ध्वनिमुद्रणाचा खर्च ठरवताना संहितेच्या दुसऱ्या लेखनासाठी वेगळे पैसे आणि निदान एक दिवस ठेवा, आणि त्या दिवशी अभ्यासक, लिहिणारा आणि निवेदक या तिघांना एका खोलीत बसवा. चौथी खुर्ची विशीतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला द्या, आणि एकदा ऐकून झालं की त्याला किंवा तिला तीच गोष्ट परत सांगायला लावा.